दहा टक्के, पण कशावर?

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातला एक स्टोअरकीपर डोळ्यांसमोर आणा. एप्रिलच्या शेवटी त्याच्या हातात पत्र पडतं: यंदा दहा टक्के वेतनवाढ. रात्री जेवणं आटोपल्यावर नवराबायको हिशेबाला बसतात. बँकेत दरमहा 32,880 रुपये जमा होतात, त्यावर दहा टक्के म्हणजे 3,288. मुलीच्या शाळेच्या बसची फी यातून निघेल, वर थोडे उरतीलही. मे महिन्याचा पगार जमा होतो तेव्हा मोबाइलवरच्या मेसेजात आकडा दिसतो 34,928. वाढ 2,048 रुपयांची.

“अहो, दहा टक्के म्हणाले होते ना? मग बाराशे गेले कुठे?”

कुठेच गेले नाहीत. ते मुळात कबूलच झालेले नव्हते. पत्र पुन्हा काढून वाचलं तर ‘बेसिक’ हा शब्द सापडतो, दुसऱ्या ओळीत, नेहमीच्याच अक्षरात. वाढ पगारावर नव्हती, मूळ पगारावर होती. हा स्टोअरकीपर आणि त्याचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून घेतलेले आहेत. मात्र त्याच्या स्लिपची रचना महाराष्ट्रातल्या हजारो खासगी कंपन्यांत सापडते, आणि हा गोंधळही दर उन्हाळ्यात तितक्याच घरांत होतो. फसवलं गेल्याची भावना मनात घर करते आणि कुणाला विचारावं हेही सुचत नाही. म्हणून ही स्लिप एकदा ओळ न ओळ वाचायला हवी.

जुन्या स्लिपवर डावीकडे, म्हणजे मिळकतीच्या बाजूला, मूळ पगार 16,000 रुपये आहे. त्याखाली घरभाडे भत्ता 6,400, म्हणजे मूळ पगाराच्या 40 टक्के. मग वाहन भत्ता 1,600 आणि वैद्यकीय भत्ता 1,250. हे दोन आकडे अनेकांना आपल्या स्लिपवरून ओळखीचे वाटतील. एके काळी एवढ्याच रकमांवर करसवलत मिळत असे. 2018च्या अर्थसंकल्पाने ती सवलत काढून तिच्या जागी सरसकट प्रमाणित वजावट आणली, पण स्लिपवरच्या ओळी तशाच राहिल्या. शेवटी विशेष भत्ता, 9,750. बेरीज 35,000 रुपये. उजवीकडे कपातीच्या बाजूला दोनच ओळी आहेत: मूळ पगाराच्या 12 टक्के भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ, 1,920 रुपये, आणि व्यवसाय कर 200 रुपये. हातात 32,880.

आता मूळ पगारावर दहा टक्के लावू. 16,000चे 17,600 झाले. घरभाडे भत्ता मूळ पगाराला बांधलेला असल्यामुळे तोही वाढून 7,040 झाला. इथवर सगळं दहा टक्क्यांनीच वाढलं. पण वाहन, वैद्यकीय आणि विशेष भत्ता मिळून 12,600 रुपये जागेवरून हलले नाहीत. ते ठरावीक रकमा आहेत, बेसिकशी त्यांचं काही नातं नाही. म्हणून एकूण पगार झाला 37,240, वाढ 2,240 रुपये. त्यातून पीएफची कपात 192 रुपयांनी वाढून 2,112 झाली. व्यवसाय कर तेवढाच. हातात आले 34,928. जुन्या रकमेच्या तुलनेत ही वाढ 6.2 टक्के.

हाच हिशेब डोक्यातल्या डोक्यातही करता येतो. मूळ पगार आणि त्याच्याबरोबर चालणारे भत्ते मिळून एकूण पगाराचा किती हिस्सा आहे ते पाहायचं. इथे 35,000पैकी 22,400, म्हणजे 64 टक्के. दहा टक्के वाढ पगाराच्या या चौसष्ट टक्के भागालाच लागली, म्हणून एकूण पगार 6.4 टक्के वाढला. पत्रातला टक्का आणि हा हिस्सा यांचा गुणाकार केला की एकूण पगाराची खरी वाढ जवळजवळ अचूक कळते. स्लिपवर विशेष भत्त्याचा आकडा जितका मोठा, तितका हा टक्का झिजत जातो.

एक बारकावा इथे फार महागात पडू शकतो. घरभाडे भत्ता टक्केवारीने ठरला आहे की रकमेने, हे स्लिपवरून समजत नाही. ते नेमणूकपत्रात किंवा पगाराच्या तपशिलाच्या परिशिष्टात असतं. समजा या कंपनीत घरभाडे भत्ता 6,400 रुपये असा रकमेने ठरलेला असता. मग दहा टक्क्यांच्या वाढीतून फक्त मूळ पगाराचे 1,600 रुपये मिळाले असते, त्यातले 192 पीएफमध्ये गेले असते आणि हातात वाढले असते 1,408. म्हणजे जेमतेम 4.3 टक्के. जाहीर झालेला टक्का तोच, पत्रही तेच. दोन शेजारी वेगवेगळ्या कंपन्यांत दहा-दहा टक्के वाढ घेऊन घरी येतात आणि त्यांच्या खिशातला फरक वेगळा निघतो, तो यामुळेच.

कपातीच्या बाजूलाही असंच दडलेलं असतं. पीएफ खऱ्या मूळ पगारावर कापायचा की कायद्यातल्या 15,000 रुपयांच्या मर्यादेवर, याबाबत कंपन्यांची धोरणं वेगवेगळी आहेत. मर्यादेवर कापणाऱ्या ठिकाणी कपात कायम 1,800 रुपये राहते. तिथे आपल्या स्टोअरकीपरच्या हातात आधी 33,000 येत असते आणि वाढीनंतर 35,240, म्हणजे वाढ 6.8 टक्के. हातात थोडं जास्त आलं, पण निधीत काहीच जास्त जमलं नाही.

इथवर टक्का कमीच होत गेला. तो वाढतो अशीही उदाहरणं आहेत, आणि ती जास्त फसवी असतात. याच माणसाने पतसंस्थेचं कर्ज काढलं आहे आणि त्याचा 6,000 रुपयांचा हप्ता पगारातूनच कापला जातो, असं धरू. आधी हातात 26,880 येत होते, आता 28,928. वाढ तीच, 2,048 रुपयांची. पण भागाकार लहान आकड्याने होतो, म्हणून टक्का निघतो 7.6. जेवणाच्या सुट्टीत दोघे सहकारी आपापल्या खात्यातल्या रकमा ताडून पाहतात, एकाचा टक्का सहा निघतो आणि दुसऱ्याचा साडेसात, आणि साहेबांनी कुणाला झुकतं माप दिलं याची कुजबुज सुरू होते. खरं तर दोघांना मिळाले सारखेच रुपये. कर्जदाराच्या पगारात ठरावीक कपात मोठी आहे, एवढाच फरक. हातातल्या रकमेवरून तुलना करायचीच असेल तर ती रुपयांत करावी. टक्का काढायचा तर एकूण पगारावर काढावा.

पुणे-पिंपरीच्या कारखान्यांतल्या युनियनना हे फार पूर्वी उमगलेलं आहे. तिथले त्रैवार्षिक वेतनकरार सहसा टक्क्यांत होत नाहीत. ‘दरमहा इतके रुपये’ अशी रक्कम ठरते आणि ती तीन वर्षांत कशी विभागायची ते ठरतं. त्यानंतर खरी ओढाताण होते ती त्या रकमेतला किती भाग बेसिकमध्ये घालायचा यावर. बाहेरच्याला ही ओढाताण कळत नाही. रक्कम ठरली, मग ती कुठल्या रकान्यात लिहिली याने काय बिघडतं?

बिघडतं, कारण मूळ पगार हा पुढच्या अनेक हिशेबांचा पाया असतो. स्टोअरकीपरच्या निधीत आता दरमहा त्याचे 192 रुपये जास्त जातात, आणि मालकाच्या वाट्याचे 192 वेगळे. ग्रॅच्युइटी शेवटच्या मूळ पगारावर आणि महागाई भत्ता असेल तर त्यासह मोजतात: नोकरीच्या प्रत्येक वर्षाला 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. मूळ पगारात 1,600 रुपये वाढले की नोकरीच्या दर वर्षामागे ग्रॅच्युइटी 923 रुपयांनी वाढते. त्याची नोकरी बारा वर्षांची झाली असेल तर या एका वेतनवाढीने त्याच्या ग्रॅच्युइटीत 11,077 रुपयांची भर पडली. ही भर मागच्या सगळ्या वर्षांनाही लागू होते, कारण हिशेब शेवटच्या पगारावर होतो. विशेष भत्ता तेवढ्याच रुपयांनी वाढला असता तर हातात थोडं जास्त आलं असतं, पण ग्रॅच्युइटीत एक रुपयाही सहसा वाढला नसता. म्हणून बेसिकवरची वाढ वाईट असं म्हणणं बरोबर नाही. गैर आहे ते एवढंच, की वाढ बेसिकवर द्यायची आणि सांगताना पगारावर दिल्यासारखी सांगायची.

याहून वाईट प्रकारही घडतो. त्याला ‘पगाराची पुनर्रचना’ म्हणतात. मूळ पगार दहा टक्के वाढवायचा, घरभाडे भत्ता आपोआप वाढू द्यायचा, आणि तेवढेच 2,240 रुपये विशेष भत्त्यातून कमी करायचे. एकूण पगार 35,000वरच राहतो. पीएफ मात्र नव्या बेसिकवर कापला जातो. म्हणजे हातात 192 रुपये कमी! 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनातच धरावा, असं त्या सांगतात. त्यामुळे बेसिकचा हिस्सा वाढवणाऱ्या अशा पुनर्रचना आता जास्त दिसतील. नव्या पत्रात बेसिक वाढलेलं दिसलं तर लगेच शेवटची बेरीज पाहायची. ती वाढली नसेल तर ती वेतनवाढ नव्हे.

पगार जरा वरच्या पट्टीतला असेल तर आयकर मध्ये येतो, आणि तिथे एक जागा अशी आहे की वाढ पूर्णच्या पूर्ण गिळली जाते. 2025-26 या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर लागत नाही. पगारदाराला 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणून त्याची सीमा 12,75,000 होते. बरोबर या सीमेवर असलेल्या आणि दुसरी मिळकत नसलेल्या एखाद्याच्या वार्षिक पगारात बेसिक वाढल्यामुळे 40,000 रुपयांची भर पडली, असं धरू. करपात्र उत्पन्न झालं 12,40,000. नेहमीच्या टप्प्यांनी कर येतो 66,000. पण कायदा सीमेलगतच्यांना दिलासा देतो: 12 लाखांच्या वर जेवढं उत्पन्न गेलं, त्याहून जास्त कर घ्यायचा नाही. म्हणजे कर 40,000 रुपये. त्यावर 4 टक्के उपकर, 1,600. एकूण 41,600. वाढ 40,000ची आणि कर त्याहून जास्त. शिवाय वाढलेल्या बेसिकवर पीएफही जास्त कापला जाणार. अशा माणसाला पत्रात दहा टक्के दिसतात आणि खात्यात आधीपेक्षा कमी रक्कम येते. हिशेबात चूक झालेली नसते, त्यामुळे तो एचआरकडे जाऊनही उपयोग होत नाही.

छोट्या पगारातही अशी एक पायरी आहे. महाराष्ट्रात 25,000 रुपयांपर्यंत मासिक वेतन असलेल्या महिलांना व्यवसाय कर माफ आहे. वेतन त्यापुढे गेलं की महिन्याला 200 रुपये कापले जाऊ लागतात. हजार-बाराशेच्या वाढीत दोनशे रुपये डोळ्यांत भरतात.

तुलना कोणत्या महिन्यांची करायची, हेही आधी ठरवावं लागतं. वाढ एप्रिलपासून लागू असते आणि पत्र पुष्कळदा जूनमध्ये मिळतं. मग जूनच्या पगारात एप्रिल-मेची थकबाकी मिसळते, घरात आनंद होतो, आणि जुलैत पगार ‘कमी’ येतो. फेब्रुवारीत व्यवसाय कर 200 ऐवजी 300 कापला जातो. ओव्हरटाइम, रजा, सणाची उचल यांनी आणखी गोंधळ होतो. थकबाकी नसलेला वाढीनंतरचा पहिला महिना आणि वाढीच्या आधीचा तसाच साधा महिना, या दोन स्लिपा शेजारी ठेवल्या तरच खरा फरक दिसतो.

जाहीर आकडा आणि हातातला आकडा यांच्यातलं सर्वांत मोठं अंतर मात्र खासगी कंपनीत नव्हे, केंद्र सरकारच्या पगारात दिसलं. न्यायमूर्ती अशोककुमार माथुर यांच्या अध्यक्षतेखालच्या सातव्या वेतन आयोगाचा अहवाल नोव्हेंबर 2015 मध्ये आला आणि नवं वेतन 1 जानेवारी 2016 पासून लागू झालं. मूळ वेतनाला 2.57ने गुणायचं, असं सूत्र होतं. सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याचं मूळ वेतन 7,000 वरून 18,000 झालं. पगार अडीचपट झाला, अशी चर्चा चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत झाली. घरमालकांनी भाडी वाढवायचे बेत केले असतील तर नवल नाही.

त्या 7,000च्या शेजारी तेव्हा 125 टक्के महागाई भत्ता होता, म्हणजे 8,750 रुपये. दोन्ही मिळून 15,750 रुपये त्या कर्मचाऱ्याला आधीपासूनच मिळत होते. नव्या 18,000त तो महागाई भत्ता मुरवला आणि भत्त्याची मोजणी शून्यापासून पुन्हा सुरू केली. म्हणजे 15,750चे झाले 18,000. सुमारे 14.3 टक्के. अडीचपटीतला मोठा भाग आधीच खिशात होता, फक्त त्याचा रकाना बदलला.

मुंबईतल्या अशा कर्मचाऱ्याचा हिशेब आणखी एक पाऊल पुढे नेता येतो. त्याला घरभाडे भत्ता जुन्या मूळ वेतनाच्या 30 टक्के, म्हणजे 2,100 रुपये मिळत होता. नवं वेतन आलं तरी भत्त्यांचे नवे दर जुलै 2017 पर्यंत लागू झाले नाहीत, तोवर घरभाडे 2,100च राहिलं. म्हणजे आधी 17,850, नंतर 20,100. 2004 नंतर नोकरीला लागलेल्यांच्या पगारातून राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेसाठी मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या 10 टक्के कापतात. ती कपात 1,575 वरून 1,800 झाली. इतर बारीक रकमा बाजूला ठेवल्या तर हातात आधी 16,275 आणि नंतर 18,300. मूळ वेतन 157 टक्क्यांनी वाढलं आणि हातातला पगार 12.4 टक्क्यांनी. दोन्ही आकडे खरे आहेत. बातमीत मोठा छापला गेला आणि घरखर्चाला छोटा मिळाला.

महागाई भत्त्याच्या बातम्यांतही हीच गल्लत होते. भत्ता 46 वरून 50 टक्के झाला की ‘पगारात चार टक्के वाढ’ असा मथळा येतो. हे चार टक्के मूळ वेतनाचे असतात. मूळ वेतन 100 धरलं तर भत्त्यासह 146चे 150 झाले, म्हणजे 2.7 टक्के. 

आता आठव्या आयोगाचं काम सुरू आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीश रंजना प्रकाश देसाई त्याच्या अध्यक्ष आहेत. गुणक दोन असेल, अडीच असेल, की आणखी वर जाईल, याचे अंदाज मोबाइलवर रोज फिरतात. त्यांतला कोणताही आकडा हाती घेऊन हाच हिशेब करता येईल. उदाहरणादाखल गुणक 2 धरू. 18,000चे 36,000 होतील, आणि पगार दुप्पट झाला असं म्हटलं जाईल. पण 1 जुलै 2025 पासूनचा 58 टक्के महागाई भत्ता धरला तर आजच 28,440 रुपये मिळतात. 28,440चे 36,000, म्हणजे वाढ साडेसव्वीस टक्क्यांच्या आसपास. आयोगाच्या शिफारशी लागू होईपर्यंत महागाई भत्ता जितका वाढत जाईल, तितकी ही साडेसव्वीस टक्के वाढही कमी होत जाईल, गुणक तोच राहिला तरी.